अमेरिकेतलं एमएस पगारातून वसूल होईल का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या पानावर एकच उदाहरण शेवटपर्यंत चालवलं आहे. सांगलीचा एक मेकॅनिकल इंजिनिअर पुण्यात दोन वर्षं नोकरी करून अमेरिकेतल्या एका सरकारी विद्यापीठात दोन वर्षांच्या एमएसला निघाला आहे. उदाहरण काल्पनिक आहे, पण आकडे असे घेतले आहेत की ते काढून तुम्हाला तुमचे घालता येतील. डॉलरचा भाव ९० रुपये धरला आहे.

एकूण खर्च नेमका किती धरायचा? विद्यापीठाच्या आय-२० वर जो आकडा असतो तोच ना?

आय-२० म्हणजे व्हिसासाठी विद्यापीठ देतं ते प्रवेशाचं कागदपत्र. त्यावरचा आकडा बहुतेक वेळा एका वर्षाचा असतो. पदवी दोन वर्षांची असते आणि पदवीनंतर नोकरी लागेपर्यंतचे महिने त्यात नसतातच. त्यामुळे तो आकडा दुप्पट करून थांबलं तरी हिशेब अपुराच राहतो.

सांगलीच्या मुलाचं असं: दोन वर्षांची शिकवणी फी आणि सक्तीच्या इतर फिया मिळून ४८,००० डॉलर. ऑगस्टमध्ये सुरू करून दुसऱ्या मे महिन्यात संपवलं तर २१ महिने राहायचं आहे. खोली वाटून घेऊन, घरी स्वयंपाक करून महिना १,३०० डॉलर धरले की २७,३०० होतात. आरोग्य विमा दोन वर्षांचा ५,०००. नोकरी शोधण्याचे तीन महिने, ३,९००. बेरीज ८४,२०० डॉलर, म्हणजे सुमारे ७५.८ लाख रुपये. यात निघण्याआधीचा खर्च मिळवा: परीक्षा, सात-आठ विद्यापीठांचे अर्ज, सेविस या विद्यार्थी-नोंदणी यंत्रणेचे ३५० आणि व्हिसाचे १८५ डॉलर, विमान, लॅपटॉप, कर्जाची प्रोसेसिंग फी. हे साडेतीन लाखांच्या घरात जातं. सगळं मिळून ७९ लाख ३० हजार.

फी बघताना विद्यापीठाचं साधारण फीचं पान बघू नका, तुमच्या कॉलेजचं बघा. इंजिनिअरिंग आणि बिझनेस विभाग क्रेडिटमागे वेगळा अधिभार लावतात, आणि तो साधारण पानावर बहुधा दिसत नाही.

कॅम्पसवरच्या नोकरीचे पैसे यातून वजा करू नका. सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांचीच परवानगी असते आणि पहिल्या सत्रात नोकरी मिळेलच असं नाही. मिळाली तर किराणा सुटला म्हणायचं. उन्हाळ्यातल्या इंटर्नशिपचंही तेच.

पदवीनंतरचा पगार कुठून शोधायचा? एजंट सांगतात ‘सरासरी एक लाख दहा हजार डॉलर’.

पहिल्यांदा विचारा, सरासरी कोणाची? दोन-चार जणांना मोठ्या टेक कंपनीत लागलं की सरासरी वर चढते, म्हणून मध्यक मागा, म्हणजे पगार चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा. दुसरा प्रश्न: वर्गातल्या किती जणांची माहिती या आकड्यात आहे? विद्यापीठांच्या अहवालात हे प्रमाण ‘नॉलेज रेट’ या नावाने दिलेलं असतं. ते ४० टक्के असेल तर उरलेल्या ६० टक्क्यांबद्दल तो अहवाल काहीच सांगत नाही, आणि ज्याला नोकरी लागलेली नसते तो सहसा सर्वेक्षणाला उत्तरही देत नाही. तिसरा प्रश्न: यातले आंतरराष्ट्रीय विद्यार्थी वेगळे काढून दाखवता का? काही विभाग ईमेल केल्यावर देतात. जे टाळाटाळ करतात, त्यांचा आकडा आपण सरळ दहा-पंधरा टक्के कापून धरावा.

अमेरिकी सरकारचं ‘कॉलेज स्कोअरकार्ड’ अनेक जण वापरतात. त्यातले पगार सरकारी शिक्षण मदत घेतलेल्या विद्यार्थ्यांचे असतात. भारतीय विद्यार्थ्याला ती मदत मिळत नाही, म्हणजे आपली मुलं त्या आकड्यात नाहीतच.

सगळ्यात उपयोगी साधन अमेरिकी श्रम खात्याकडे आहे आणि ते फुकट आहे. एच-१बी या नोकरीच्या व्हिसासाठी कंपनीला आधी श्रम खात्याकडे पगार लिहून द्यावा लागतो, आणि हे सगळे अर्ज दर तिमाहीला एक्सेल फाइलमध्ये जाहीर होतात. फाइल मोठी असते, उघडायला वेळ लागतो. उघडली की `JOB_TITLE` मध्ये तुमचं पद आणि `WORKSITE_CITY` मध्ये शहर निवडा. मग `PW_WAGE_LEVEL` मध्ये फक्त `I` आणि `II` ठेवा, कारण नवख्यांना बहुधा हेच स्तर लागतात. उरलेल्या ओळींचा `WAGE_RATE_OF_PAY_FROM` हा रकाना बघा. एजंटचा आकडा आणि हा आकडा शेजारी ठेवले की फरक कळतो. एक मर्यादा लक्षात ठेवा: या फाइलमध्ये नोकरी लागलेलेच आहेत. ‘लागली तर किती’ एवढंच ती सांगते. ‘लागेल का’ हे तिच्यातून कळत नाही.

सांगलीच्या मुलासाठी आपण टेक्सासमध्ये ८५,००० डॉलर धरू.

८५,००० डॉलर म्हणजे महिन्याला हातात किती येतात?

टेक्सासमध्ये राज्याचा आयकर नाही. २०२५ च्या दरांनी संघीय कर असा बसतो: भारत-अमेरिका करारामुळे भारतीय विद्यार्थ्याला १५,७५० डॉलरची प्रमाण वजावट मिळते. ती इतर बहुतेक देशांच्या विद्यार्थ्यांना मिळत नाही. उरलेल्या ६९,२५० वर साधारण १०,१५० डॉलर कर. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असताना पहिली पाच कॅलेंडर वर्षं सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरची कपात होत नाही. कंपनीने चुकून कापली तर परत मागता येते, आणि ही चूक वारंवार होते, म्हणून पहिली पगारपावती नीट वाचा. हातात महिना सुमारे ६,२४० डॉलर येतात.

खर्च विद्यार्थिदशेतला राहत नाही. टेक्सासच्या बऱ्याच शहरांत गाडीशिवाय कामावर जाता येत नाही आणि नवशिक्या चालकाचा विमा महाग पडतो. महिना २,६०० धरले तर ३,६०० उरतात. त्यातून घरी पाठवण्याचे आणि अडीअडचणीचे बाजूला काढून २,५०० डॉलर कर्जाला, म्हणजे सव्वादोन लाख रुपये. हे नेटाने जमतं, पण तेही गाडी जुनी घेतली तर.

पुढे एच-१बी मिळाला की सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरची ७.६५ टक्के कपात सुरू होते आणि हातातली रक्कम महिन्याला साडेपाचशे डॉलरच्या आसपास घटते. पगार तोच राहून हातात कमी का येतंय, हा प्रश्न त्या वर्षी हमखास पडतो.

कर्ज ६० लाखांचं घेतलं तर हप्ता किती बसेल?

६० लाखांवर हप्ता काढू नका, कारण हप्ता सुरू होईपर्यंत ते ६० लाख राहिलेले नसतात. बँक पैसे सत्रागणिक सोडते. १५-१५ लाखांचे चार हप्ते पहिल्या, सहाव्या, तेराव्या आणि अठराव्या महिन्याच्या सुरुवातीला सुटले आणि अभ्यासक्रम व पुढचे सहा महिने धरून २७ महिन्यांची सवलत असली, तर साडेदहा टक्क्यांच्या सरळ व्याजाने ९.७ लाख चढतात. परतफेड सुरू होते ६९.७ लाखांवर. एक्सेलमध्ये असं टाका:

```
=PMT(10.5%/12,120,-6970000)
```

दहा वर्षांसाठी उत्तर येतं ९४,००० रुपये. १२० च्या जागी १८० घातले तर ७७,०००. सरकारी बँका सवलतीच्या काळात सरळ व्याज लावतात. काही खासगी कंपन्या याच काळात दरमहा थोडं व्याज भरायला लावतात, किंवा न भरलेलं व्याज मुद्दलात मिळवत जातात. म्हणून मंजुरीपत्रावरची व्याजदराच्या खालची ही ओळ नीट वाचा. अर्धा टक्का स्वस्त दर दाखवून याच ओळीत ते वसूल होऊ शकतं.

मग गणित जमतंय की नाही?

नोकरी लागली आणि टिकली तर उत्तम जमतं. महिना सव्वादोन लाख भरले तर ६९.७ लाखांचं कर्ज सुमारे ३६ महिन्यांत फिटतं. ओपीटी या पदवीनंतरच्या कामाच्या परवानगीचे बारा आणि स्टेम, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञान-गणिताच्या पदवीला मिळणारे वाढीव चोवीस मिळून अमेरिकेत एच-१बी शिवाय काम करायला तेवढेच ३६ महिने मिळतात. शोधाशोधीत तीन गेले तर शेवटी सव्वासात लाखांच्या आसपास शिल्लक राहतात, आणि ते फेडणं अवघड नाही.

पण निर्णय या एका चित्रावर घ्यायचा नाही. खरा प्रश्न असा आहे: परत यावं लागलं, तर त्या दिवशी किती कर्ज बाकी असेल आणि इथला पगार ते पेलेल का? परतल्यावर पुण्यात १४ लाखांचं पॅकेज मिळालं असं धरू. पीएफ आणि कर जाऊन हातात महिना लाखाच्या आतबाहेर येतात.

तिथे नोकरी लागलीच नाही आणि लगेच परत आला, तर ९४,००० चा हप्ता आणि एक लाखाचा पगार. म्हणजे हप्ता वडिलांच्या पेन्शनमधून जाणार. वर्षभर नोकरी करून परतला तर बाकी ४९ लाख आणि उरलेल्या नऊ वर्षांचा हप्ता ७०,०००. पुण्यात भाडं भरून हे जमत नाही. घरच्यांबरोबर राहून जेमतेम. दोन वर्षं करून परतला तर बाकी २६ लाख आणि हप्ता ४०,०००. हे ओढून नेता येतं.

थोडक्यात, या कर्जाला अमेरिकेतली साधारण दोन वर्षांची नोकरी लागतेच लागते. त्याआधी काही बिनसलं तर भार कुटुंबावर येतो. आपली पैज पगाराच्या आकड्यावर नसून या चोवीस महिन्यांवर लागलेली आहे, हे घरात सगळ्यांना आधी माहीत असावं.

ते चोवीस महिने मिळण्याची शक्यता कशावर ठरते?

पहिली गोष्ट कागदावरच तपासता येते. आय-२० वर अभ्यासक्रमाची शाखा दाखवणारा सीआयपी कोड असतो. तो स्टेम यादीत असेल तरच ३६ महिने, नाहीतर फक्त १२. संगणकशास्त्राचा `11.0701` यादीत आहे, व्यवस्थापनातला `52.1301` सुद्धा आहे. पण सारख्याच नावाची पदवी एका विद्यापीठात स्टेममध्ये असते आणि दुसऱ्यात नसते. नावावर जाऊ नका. वर केलेला सगळा हिशेब १२ महिन्यांच्या पदवीला लावला तर तो कोसळतो.

दुसरी गोष्ट घड्याळाची. ओपीटी कार्डावरच्या तारखेपासून बेरोजगारीचे दिवस मोजले जातात आणि पहिल्या वर्षी ते ९० पेक्षा जास्त चालत नाहीत. स्टेम वाढ घेतल्यावर एकूण १५०. स्टेम वाढीसाठी कंपनी ई-व्हेरिफाय या सरकारी पडताळणी यंत्रणेत नोंदलेली असावी लागते. अनेक छोट्या कंपन्या नसतात, आणि हे अकराव्या महिन्यात कळून उपयोग नाही.

तिसरी गोष्ट एच-१बी. कोटा ६५,००० आणि अमेरिकी मास्टर्सवाल्यांसाठी वेगळे २०,०००. अलीकडच्या वर्षांत सोडतीत ढोबळमानाने तीन ते चार नोंदण्यांतल्या एकीचा नंबर लागला आहे. २०२६ च्या सोडतीपासून जास्त वेतनस्तराच्या नोंदीला जास्त वजन आहे: चौथ्या स्तराची नोंद चार वेळा धरली जाते, पहिल्या स्तराची एकदाच. नुकत्याच पदवी घेतलेल्या मुलाचं पारडं यात हलकं होतं. सप्टेंबर २०२५ मध्ये आलेला एक लाख डॉलरचा आकार अमेरिकेत राहूनच एफ-१ वरून एच-१बी मध्ये बदल करणाऱ्यांना लागू नाही, असं तिथल्या इमिग्रेशन खात्याने स्पष्ट केलं आहे. पण भारतात परत येऊन इथून नव्याने एच-१बी मागायचा म्हटलं तर कंपनीला तो भरावा लागतो, आणि नवख्या माणसासाठी तो कोण भरणार? म्हणून ‘एकदा परत येतो, मग बघू’ हा पर्याय हिशेबात धरू नका. एच-१बी मिळाला तर तो वरकड फायदा. ३६ महिन्यांतच गणित बसायला हवं.

मग कर्ज किती घ्यावं?

उलटीकडून मोजा. भारतातल्या हातात येणाऱ्या पगाराच्या ४० टक्क्यांपर्यंत हप्ता झेपतो असं धरा, म्हणजे या उदाहरणात ४०,०००. साडेदहा टक्क्यांनी दहा वर्षांत त्यातून फिटणारं कर्ज साधारण २९.६ लाख, आणि चढणारं व्याज वजा केलं तर आज घ्यायचं कर्ज साडेपंचवीस लाख. एवढं कर्ज सगळं बिनसलं तरी फिटतं.

साडेपंचवीस आणि ६० यांच्यामधलं जे काही आहे ती जोखीम. ती घेऊच नये असं नाही. अनुभव चांगला असेल आणि विभागाचा आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांचा आकडा पटत असेल, तर लोक ती विचारपूर्वक घेतात. पण वडिलांच्या निवृत्तीला तीन वर्षं आहेत आणि तारण म्हणून राहतं घर आहे, अशा घरात ६० लाखांचं कर्ज काढू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. तारण कर्जात हप्ते थकले तर बँक थेट घरापर्यंत येते आणि सहकर्जदार म्हणून सही वडिलांची असते.

खर्च खरोखर कमी करण्याचे मार्ग कोणते?

कर्जाचा दर पाव टक्क्याने कमी करण्यात लोक महिने घालवतात. त्याचा परिणाम फीच्या मानाने किरकोळ आहे. टेक्सासच्या सरकारी विद्यापीठांत किमान १,००० डॉलरची स्पर्धात्मक शिष्यवृत्ती मिळाली तर राज्यातल्या रहिवाशांच्या दराने फी भरण्याची सवलत मिळू शकते. हजार डॉलरची शिष्यवृत्ती किरकोळ वाटते म्हणून अर्ज न करणारे पुष्कळ असतात, आणि त्या सवलतीत वर्षाला त्याच्या कित्येक पट पैसे वाचतात. प्रवेशपत्र आल्यावर विभागाला सरळ विचारा.

दुसरा मार्ग तीन सत्रांत संपवण्याचा. एमएस बहुधा ३० ते ३६ क्रेडिटचं असतं. फी क्रेडिटवर असल्याने ती तेवढीच राहते, पण डिसेंबरमध्ये बाहेर पडलात तर पाच महिन्यांचे ६,५०० डॉलर वाचतात. याची किंमतही आहे: सत्रात चार विषय घेऊन इंटर्नशिपचे इंटरव्ह्यू देणं कठीण जातं, आणि इंटर्नशिप हाच नोकरीचा सर्वात खात्रीचा दरवाजा आहे. तिच्याशी तडजोड होणार असेल तर हे ६,५०० वाचवू नका.

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. तिला जागतिक क्रमवारीची आणि उत्पन्नाची अट असते, म्हणून विद्यापीठांची यादी ठरवण्याआधीच त्या वर्षीची जाहिरात वाचा.

व्याजावर आयकरात सूट मिळते, ती धरायची का?

कलम ८०ई खाली पूर्ण व्याजाची वजावट आठ वर्षं मिळते, पण फक्त जुन्या करपद्धतीत, आणि जो कर्जदार भारतात कर भरतो आणि स्वतः व्याज फेडतो त्यालाच. मुलगा अमेरिकेत कमावून फेडत असेल आणि वडील नव्या पद्धतीत असतील तर शून्य धरा.

रुपया घसरला तर फायदा की तोटा?

शिकताना तोटा, कमावताना फायदा. २०२२ च्या सुरुवातीला डॉलर ७४-७५ रुपयांना होता, २०२५ च्या अखेरीस तो ९० ला टेकला. मंजूर कर्ज रुपयांत ठरलेलं असतं, त्यामुळे शेवटच्या सत्राला डॉलर कमी पडतात. मंजुरी दहा टक्के जास्त रकमेची घ्या. न उचललेल्या पैशावर व्याज नसतं. परत यावं लागलं तर मात्र घसरणीचा फायदा एका रुपयाचाही मिळत नाही.

ब्रिटन किंवा जर्मनी स्वस्त पडेल का?

ब्रिटनचं मास्टर्स एका वर्षाचं, म्हणून रक्कम लहान दिसते. पण नंतर काम करायला दोनच वर्षं मिळतात, आणि १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना दीड. पुढच्या स्किल्ड वर्कर व्हिसाला २०२५ पासून सर्वसाधारण किमान पगार ४१,७०० पौंड आहे, नवख्यांसाठी काही सवलतीने ३३,४००. लंडनबाहेर पहिल्या नोकरीत हा आकडा गाठणं बऱ्याच शाखांत अवघड आहे. वरचीच परीक्षा लावा: १८ महिन्यांत निम्मं कर्ज फिटतं का?

जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही. बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात सत्राला १,५०० युरो लागतात आणि म्युनिकचं तांत्रिक विद्यापीठ आता फी घेतं. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात, पण ते आपलेच पैसे, दरमहा परत मिळतात. पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिने असतात. कर्ज साडेपंचवीस लाखांच्या आत बसतं ते बहुधा इथेच. अडचण भाषेची: मेकॅनिकलमध्ये बी-टू पातळीच्या जर्मनशिवाय नोकरीच्या जाहिराती फार थोड्या उरतात, आणि ती पातळी गाठायला नोकरी सांभाळून वर्ष-दीड वर्ष सहज जातं.

पहिल्या सत्रानंतर लक्षात आलं की जमणार नाही, तर?

तेव्हा एकच हप्ता, म्हणजे सुमारे १५ लाख खर्च झालेले असतात. पुढचे हप्ते बँकेकडून उचलायचे की नाही हे अजून तुमच्या हातात असतं. दुसऱ्या सत्राची फी भरण्याआधी विद्यापीठाचं परताव्याचं वेळापत्रक बघा. सत्र सुरू झाल्यावर परताव्याचं प्रमाण झपाट्याने खाली येतं आणि काही आठवड्यांत शून्य होतं. स्वस्त विद्यापीठात बदली करता येते, त्यासाठी सेविस नोंद हलवावी लागते, पण आधीचे थोडेच क्रेडिट पुढे धरले जातात. नव्या विभागाकडून किती धरणार हे लेखी घेतल्याशिवाय जुनं सोडू नका. आणि घरी परत यायचं ठरलं तर विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाला आधी कळवून मगच निघा, म्हणजे नोंद रीतसर बंद होते आणि पुढच्या व्हिसाच्या अर्जात ती आडवी येत नाही.